गाळा भाड्याने घेण्यापूर्वी: वर्दळ कशी मोजावी, शेजार कसा पारखावा, दुकान दिसतं का ते कसं तपासावं

गाळा बघायला माणूस बहुतेक वेळा संध्याकाळी जातो. दिवसभर त्याला सवड नसते आणि एजंटलाही तीच वेळ सोयीची असते. रस्ता माणसांनी भरलेला असतो, शेजारच्या दुकानांतले दिवे लागलेले असतात, आणि ‘इथे माणसांना तोटा नाही’ असं म्हणून टोकन दिलं जातं. मग सकाळी अकरा ते चार रस्ता रिकामा असतो, हे दुकान थाटल्यावर कळतं. संध्याकाळची गर्दी समोरच्या फुटपाथवरून जात होती, हेही तेव्हाच कळतं.

या लेखात त्या गर्दीचं गिऱ्हाइकांच्या आकड्यात रूपांतर कसं करायचं ते क्रमाने दिलं आहे. तो आकडा हातात आला की ‘गाळा चांगला आहे का?’ हा प्रश्न सोडून ‘या गाळ्याला जास्तीत जास्त किती भाडं परवडेल?’ हा प्रश्न विचारता येतो. खरा उपयोगी प्रश्न तोच आहे. पायऱ्यांचा क्रम मोडू नका. आधी गाळा आवडला आणि मग गणित केलं, तर गणित हमखास आवडीच्या बाजूने झुकतं.

उदाहरणासाठी वह्या, पेनं, फायली आणि झेरॉक्सचं एक छोटं दुकान धरू. माल वेगळा असला तरी रीत तीच राहते.

## पायरी १: रस्त्यावर जाण्याआधी घरी बसून एक आकडा काढा

दिवसाला किमान किती बिलं व्हायला हवीत, हा तो आकडा. तो नसेल तर रस्त्यावर मोजलेल्या कुठल्याही संख्येला अर्थ नाही.

हिशोब सोपा व्हावा म्हणून सगळा खर्च रकमेत न मांडता ‘सरासरी बिला’त मांडा. एका गिऱ्हाइकाचं सरासरी बिल म्हणजे १ माप. महिन्याचा पगार, वीज, देखभाल, कर्जाचा हप्ता आणि तुमच्या घरखर्चाची रक्कम मिळून, समजा, ९०० बिलांइतकी होते. भाडं ३०० बिलांइतकं आहे. एकूण १२०० झाले. पण एका बिलातून तुमच्या हातात पूर्ण बिल राहत नाही, मालाची किंमत वजा जाते. शंभरातले ४० सुटत असतील, तर १२०० भागिले ०.४० म्हणजे महिन्याला ३००० बिलं हवीत. दुकान महिन्यात २६ दिवस उघडं धरलं, तर रोज ११६.

भाडं ६०० बिलांइतकं असेल, तर त्याच हिशोबाने रोज १४५ बिलं लागतात. भाडं दुप्पट झालं तरी गरज दुप्पट होत नाही, कारण बाकीचा खर्च तोच राहतो. म्हणून जास्त भाड्याची जागा नेहमी वाईट असते असं नाही. पण जास्तीचं भाडं देऊन मिळणारी वर्दळ खरोखर तुमच्या उपयोगाची आहे का, हे आधी बघावं लागतं.

इथे होणारी चूक: स्वतःचा घरखर्च या हिशोबात न धरणं. मग कागदावर दुकान चालतं आणि मालक बचतीवर जगतो. दुसरी चूक म्हणजे सरासरी बिल अंदाजाने फुगवणं. अशाच एखाद्या दुकानात तासभर उभं राहून लोक काय-काय घेऊन बाहेर पडतात ते बघा, अंदाज लगेच जमिनीवर येतो.

## पायरी २: कोणाला मोजायचं ते आधी लिहून ठेवा

रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तुमचं संभाव्य गिऱ्हाईक नसतो. मोजायला उभं राहिल्यावर हे ठरवू नका. तिथे मन सैल होतं आणि समोरून येणारा जो तो गिऱ्हाईक वाटू लागतो.

वह्या-झेरॉक्सच्या दुकानासाठी ‘उपयोगी माणूस’ कोण, याची व्याख्या अशी करता येईल: शाळा-कॉलेजच्या वयाची मुलं, मुलांसोबतचे पालक, आणि फाईल किंवा कागद हातात घेऊन जाणारे लोक. शिवाय त्यांची चाल थांबता येण्याजोगी हवी. बस पकडायला धावणारा विद्यार्थी या व्याख्येत बसत नाही, पण तोच विद्यार्थी परत येताना रमतगमत चालत असेल तर बसतो.

ही चालीची अट बरेच जण विसरतात. निवांत चालणारे शंभर लोक धावणाऱ्या तीनशेंपेक्षा दुकानदाराच्या जास्त कामाचे असतात. घराच्या दिशेने जाणारा माणूस थांबू शकतो, कामाच्या दिशेने जाणारा सहसा थांबत नाही. त्यामुळे रस्ता एकच असला तरी त्याच्या दोन बाजूंची किंमत वेगळी असू शकते.

तपासणी: तुमची व्याख्या एका कागदावर तीन ओळींत लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या. तुम्ही दोघांनी एकाच रस्त्यावर दहा मिनिटं स्वतंत्रपणे मोजलं आणि आकडे जवळपास जुळले, तर व्याख्या पक्की आहे. जुळले नाहीत तर ती आणखी स्पष्ट करा.

## पायरी ३: वर्दळ मोजा

यातच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

रेघ ठरवा. गाळ्याच्या दारासमोर फुटपाथवर आडवी एक काल्पनिक रेघ धरा. शटरची कड आणि समोरचा विजेचा खांब अशा दोन खुणा घेतल्या की रेघ हलत नाही. जो माणूस ती ओलांडेल तो मोजायचा, दिशा कुठलीही असो. रेघेच्या आधीच वळून गेलेला मोजायचा नाही. चौकात उभं राहून मोजलेली संख्या इथे निरुपयोगी असते. चौकातले अर्धे लोक तुमच्या दारापर्यंत येतच नाहीत. एजंटने सांगितलेली ‘या रस्त्यावरची गर्दी’ बहुतेक वेळा चौकातलीच असते.

तासातली पंधरा मिनिटं मोजा. दिवसभर सलग मोजायची गरज नाही, आणि ते नीट होतही नाही. दोन तासांनंतर लक्ष उडतं. दुकान जितके तास उघडं राहणार आहे, त्या प्रत्येक तासातली पंधरा मिनिटं मोजा आणि संख्येला चारने गुणा. मात्र दर तासाची पहिली पंधरा मिनिटंच घेऊ नका. शाळा, कचेऱ्या, क्लास ठरावीक वेळेला सुटतात, आणि एकतर तुम्ही दर वेळी ती लाट पकडाल किंवा दर वेळी चुकवाल. एका तासात पहिला पाव तास, पुढच्यात तिसरा, असं आलटून-पालटून घ्या.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, रेघ ओलांडणारे एकूण, त्यातले उपयोगी, समोरच्या बाजूचे, आणि शेरा. एकूण आणि उपयोगी एकाच वेळी मोजताना दोन्ही हातांत एकेक मोजणी-काउंटर धरा, म्हणजे नजर रस्त्यावरून हलत नाही. काउंटर नसतील तर एक जण एकूण मोजेल आणि दुसरा फक्त उपयोगी. शेऱ्यात पाऊस, रस्त्याचं खोदकाम, जवळचा मोर्चा, दुकानांची साप्ताहिक सुट्टी अशा गोष्टी टिपा. महिनाभराने वही उघडाल तेव्हा एखादा आकडा विचित्र का दिसतो, हे त्या शेऱ्यावरूनच कळेल.

समोरच्या बाजूचे लोक आपल्या बेरजेत मिळवू नका. मध्ये दुभाजक असेल किंवा रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागत असेल, तर ते तुमच्यासाठी जवळजवळ शून्य आहेत. रस्ता अरुंद आणि संथ असेल तर त्यांतले काही येतील, पण ती भर वरची समजा.

दिवस कोणते? कामाचे किमान दोन दिवस, एक शनिवार, आणि रविवारी दुकान उघडं ठेवणार असाल तर एक रविवार. हे एकाच आठवड्यात उरकू नका. महिन्याची सुरुवात आणि महिन्याची अखेर यांत खरेदीचा फरक पडतो, म्हणून दिवस दोन वेगवेगळ्या आठवड्यांत वाटा. सणाच्या तोंडावर, परीक्षेच्या आदल्या दिवशी किंवा मुसळधार पावसात केलेली मोजणी सरासरीत धरू नका. पाऊस वर्षात बराच काळ पडत असेल, तर त्याची वेगळी मोजणी करा.

फरक खरा की योगायोग? एका ठिकाणी पंधरा मिनिटांत ६४ माणसं दिसली आणि दुसऱ्या ठिकाणी ८०, तर दुसरी जागा चांगली असं म्हणायचा मोह होतो. थांबा. माणसं रांगेने येत नाहीत, त्यामुळे त्याच जागी त्याच वेळी पुन्हा मोजलं तरी आकडा हलतो. ढोबळ कसोटी अशी: दोन्ही संख्यांची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि ते दुप्पट करा. फरक त्याहून कमी असेल तर तो योगायोगही असू शकतो. इथे ६४ अधिक ८० म्हणजे १४४, वर्गमूळ १२, दुप्पट २४. फरक फक्त १६ आहे, म्हणजे या मोजणीवरून काहीच सिद्ध होत नाही. जास्त वेळ मोजलं की बेरीज वाढते आणि खरा फरक असेल तर तो उघडा पडतो.

सावधान: एकच माणूस जाताना आणि येताना दोनदा मोजला जातो, म्हणून संख्या खोटी ठरते, अशी शंका बऱ्याच जणांना येते. पुढच्या पायरीत दुसऱ्या दुकानासमोर याच पद्धतीने मोजायचं आहे. दोन्हीकडे रीत एकच असली की ही दुबार मोजणी गणितात आपोआप जुळून जाते. बिघडतं ते एका ठिकाणी दोन्ही दिशा मोजल्या आणि दुसऱ्या ठिकाणी एकच मोजली तर.

## पायरी ४: चालत्या दुकानासमोर उभे राहा

जाणाऱ्यांपैकी किती जण बिल करतात, हे रिकाम्या गाळ्यासमोर कळणार नाही. त्यासाठी तुमच्यासारखाच माल विकणारं, तुमच्याच आकाराचं आणि तशाच रस्त्यावरचं एक दुकान शोधा. ते दुसऱ्या वस्तीत असलं तरी चालेल, मात्र ते फार नावाजलेलं किंवा फार जुनं नसावं. चाळीस वर्षं उभ्या असलेल्या दुकानाकडे लोक पाटी न बघताही जातात, त्यांचं प्रमाण तुम्हाला लागू पडणार नाही.

तिथे तीन आकडे टिपा: दारासमोरून गेलेले उपयोगी लोक, आत गेलेले, आणि पिशवी किंवा कागद घेऊन बाहेर आलेले. एकत्र आलेलं कुटुंब आत चार जणांचं असतं, पण बिल एक होतं, म्हणून बाहेर येणाऱ्यांत माणसं न मोजता खरेदी मोजा. दुकानदाराला संशय येईल असं दारात ताटकळू नका, समोरच्या बाजूला बसायची जागा बघा.

समजा दोन दिवसांत मिळून ९६० उपयोगी लोक गेले आणि १०४ बिलं झाली. म्हणजे शंभरामागे १०.८. आता मघाची कसोटी इथेही लावा. १०४ चं वर्गमूळ साधारण १०, दुप्पट २०. म्हणजे खरी संख्या ८४ पासून १२४ पर्यंत कुठेही असू शकते, आणि प्रमाण शंभरामागे ८.७ ते १२.९ च्या मध्ये कुठेतरी. हा पट्टा लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित एका आकड्यावर न करता या पट्ट्यावर करायचं आहे.

नव्या दुकानाला सुरुवातीचे काही महिने पट्ट्याच्या खालच्या टोकाला काढावे लागतील असं धरून चालणं सुरक्षित. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

## पायरी ५: शेजार पारखा

वर्दळीच्या आकड्यात एक गोष्ट दिसत नाही: ती वर्दळ कुणाच्या जिवावर आहे. हे शेजारावरून कळतं.

आधी ठरवा, स्पर्धक हवा की नको. कपडे, फर्निचर, दागिने, चष्मे अशा वस्तू लोक चार ठिकाणी बघून घेतात. अशा मालासाठी शेजारी तीन-चार स्पर्धक असणं फायद्याचं, कारण लोक मुळात त्या रस्त्यावर तुलना करायलाच येतात. उलट वह्या, औषधं, किरकोळ सामान हे माणूस पहिल्या सोयीच्या दुकानातून घेतो. तिथे शेजारचा स्पर्धक तुमचं गिऱ्हाईक सरळ वाटून घेतो. वर्दळ येते त्या बाजूला तो तुमच्या आधी असेल, तर मोठा वाटा त्याचा.

मग बघा, माणसं आणणारं ठिकाण कोणतं आणि ते किती टिकाऊ. शाळा, दवाखाना, स्थानक, बँकेची शाखा, क्लास, मोठं किराणा दुकान. यांतलं एखादं हललं तर वर्दळीचं काय होईल? शाळा सहसा हलत नाही. दोन खोल्यांचा क्लास पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ शकतो. एका क्लासच्या भरवशावर तीन वर्षांचा करार करू नका.

रिकामे गाळे मोजा. तुमच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा दुकानं धरा. किती शटर बंद आहेत? किती पाट्या नव्याकोऱ्या आहेत? किती पाट्यांखाली जुन्या पाटीचे स्क्रूचे भोक दिसतात? भोकांच्या दोन-तीन वेगवेगळ्या रांगा दिसल्या, तर त्या गाळ्यात दुकानं पाठोपाठ बदलली आहेत. तुम्ही घेणार असलेल्या गाळ्याची भिंत या नजरेने आवर्जून बघा, मालक जे सांगणार नाही ते ती सांगते.

दोन बंद शटरांमधला गाळा शक्यतो टाळावा, असं माझं ठाम मत आहे. लागोपाठ बंद दारं लागली की चालणाऱ्याची नजर रस्त्यावर जाते, पाय उचलले जातात आणि तुमच्या दारापर्यंत तो वेग तसाच राहतो. मोजलेली वर्दळ चांगली असली तरी तिथे थांबणारे कमी मिळतात.

शेजाऱ्यांशी बोला, पण प्रश्न बदलून. ‘धंदा कसा चालतो?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘चाललंय’. त्याऐवजी हे विचारा:

- तुम्हाला दुकानात दुसरा माणूस कोणत्या वेळेला लागतो?
- दुपारी शटर ओढता का?
- वर्षातले सगळ्यात मंद महिने कोणते?
- या गाळ्यात आधी कोण होतं, आणि ते गेले कुठे?
- पावसात दारासमोर पाणी साचतं का?
- दुरुस्ती सांगितली की मालक किती दिवसांत करतात?

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून तुमच्या मोजणीची पडताळणी होते. तुमच्या वहीत दुपारी तीनला गर्दी दिसते आणि शेजारी तीनला शटर ओढतो, तर ती गर्दी खरेदी करणारी नाही. आधीचा भाडेकरू दोन रस्ते पलीकडे मोठ्या जागेत गेला असेल तर ते चांगलं लक्षण. धंदाच बंद केला असेल, तर तो शक्य झाल्यास शोधून त्याच्याशी दहा मिनिटं बोला. तो खरं सांगतो, कारण आता त्याला काही विकायचं नसतं.

तपासणी: शेजाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी आणि बंद होण्याची वेळ टिपा. सगळे आठला बंद होत असतील, तर तुम्ही साडेनऊपर्यंत एकट्याने दिवा लावून बसण्यात फारसा अर्थ नाही. तेवढे तास मोजणीतून वगळा.

## पायरी ६: दुकान दिसतं का ते चालून बघा

गाळ्यासमोर उभं राहून दर्शनी भाग बघणं ही सर्रास होणारी चूक. गिऱ्हाईक समोरून येत नाही, ते बाजूने येतं. भिंतीला चिकटलेली सपाट पाटी बाजूने येणाऱ्याला तिरकी, एखाद्या पट्टीसारखी दिसते, आणि तिच्यावरची अक्षरं तो दारात पोहोचल्यावरच वाचता येतात. तेव्हा उशीर झालेला असतो: माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो, तीन मीटर रुंदीचा गाळा तो दोन-सव्वादोन सेकंदांत ओलांडतो. पंधरा मीटर आधी दुकान लक्षात आलं, तर त्याला अकरा-बारा सेकंद मिळतात. तेवढ्यात ‘अरे, झेरॉक्स काढायची होती’ हे आठवू शकतं.

म्हणून पुठ्ठ्यावर दुकानाचा एकच शब्द जाड अक्षरांत लिहा. मित्राला तो पुठ्ठा दाराच्या वरच्या उंचीला, आधी भिंतीला सपाट आणि मग भिंतीला काटकोनात बाहेर काढून धरायला सांगा. तुम्ही पन्नास पावलं लांबून चालत या, दोन्ही दिशांनी. कुठे पहिल्यांदा पुठ्ठा दिसला आणि कुठे शब्द वाचता आला, ते वहीत टिपा. बहुतेक ठिकाणी काटकोनातला पुठ्ठा कितीतरी आधी वाचता येतो. म्हणजे तुम्हाला बाहेर काढलेली पाटी हवी, आणि ती लावायची परवानगी मालकाकडून करारात लिहून घ्यावी लागेल. स्थानिक प्रशासनाचे फलकाचे नियमही आधी विचारून घ्या.

अक्षरांच्या उंचीसाठी पाटी रंगवणाऱ्यांमध्ये प्रचलित हिशोब असा: दर ३ मीटर अंतरामागे साधारण २.५ सेंटिमीटर. १५ मीटरवरून सहज वाचता यायला १२-१३ सेंटिमीटर उंच अक्षर लागतं. देवनागरीत ही उंची शिरोरेघेपासून खालच्या मूळ अक्षराची धरा, वरच्या मात्रा आणि वेलांट्या त्यात धरू नका. वाहनावरून येणाऱ्यासाठी सगळंच वाढतं: ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून जास्त, आणि त्याला बघून थांबायला पाच सेकंद द्यायची तर पाटी ४० मीटरवरून वाचता यायला हवी. गाडी लावायला जागाच नसेल, तर वाहनवाल्यांसाठी पाटी मोठी करण्यात पैसे घालू नका.

मग अडथळे. झाड, बसथांब्याचं छप्पर, विजेचा डबा, इमारतीचे खांब, समोर लागणाऱ्या गाड्या. गाड्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळी जा, कारण सकाळी मोकळी दिसणारी कड संध्याकाळी भिंतीसारखी होते. झाड पानगळीच्या दिवसांत बघत असाल, तर भरल्या पानांनी ते काय झाकेल याचा विचार करा. अंधार पडल्यावर एक फेरी हवीच, कारण रस्त्यावरचा दिवा शेजाऱ्याच्या दारात असेल आणि तुमचं दार सावलीत असेल, तर दिव्याचा खर्च पहिल्या पायरीतल्या हिशोबात जातो.

सावधान: फुटपाथपासून आत सरकलेला किंवा दोन-तीन पायऱ्या चढून जावं लागणारा गाळा वर्दळीच्या आकड्यात तितकाच चांगला दिसतो. पण किरकोळ खरेदीसाठी माणूस पायऱ्या चढायचा कंटाळा करतो. अशा गाळ्याची तुलना पायऱ्या असलेल्याच चालत्या दुकानाशी करा.

## पायरी ७: दोन गाळ्यांचं गणित मांडून बघू

पहिला गाळा मुख्य रस्त्यावर, बसथांब्याजवळ. भाडं ६०० बिलांइतकं, म्हणून रोज १४५ बिलं हवीत. अकरा तासांतल्या पाव-तासांची बेरीज सरासरी ७५० आली, म्हणजे दिवसाला ३००० लोक.

दुसरा गाळा शाळेकडून वस्तीत जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर. भाडं ३००, म्हणून रोज ११६ बिलं. पाव-तासांची बेरीज ३७५, दिवसाला १५०० लोक.

डोळ्यांना पहिला गाळा दुप्पट चांगला दिसतो. पण ‘उपयोगी’च्या रकान्यात पहिल्या ठिकाणी शंभरातले ४० निघाले, बाकीचे बस पकडणारे. दुसऱ्या ठिकाणी शंभरातले ८०, कारण रस्ता शाळेचाच. दोन्हीकडे उपयोगी लोक १२००.

पहिल्या गाळ्याला १२०० पैकी १४५, म्हणजे शंभरामागे १२.१ जणांनी बिल करायला हवं. चालत्या दुकानासमोरचा आपला पट्टा ८.७ ते १२.९ होता. म्हणजे जवळजवळ सगळं मनासारखं झालं तरच हा गाळा तरतो. दुसऱ्याला ९.७ पुरतात. तो पट्ट्याच्या मधल्या आकड्याच्या, १०.८ च्या, खाली आहे. बरा वाटतो.

पण इथेच थांबू नका, कारण दुसऱ्या गाळ्याची वर्दळ शाळेच्या जिवावर आहे. मोजणी शाळा चालू असताना झाली. वर्षातले दोन महिने शाळा बंद राहिली आणि त्या काळात उपयोगी लोक ४०० वर आले, तर बारा महिन्यांची सरासरी १०६७ होते. आता ११६ बिलांसाठी शंभरामागे १०.९ जण हवेत. जेमतेम मधल्या आकड्याला पोचतो, आणि नव्या दुकानाने सुरुवात खालच्या टोकाकडून धरायची, हे आपण ठरवलंच आहे.

आता गणित उलटं करा. भाडं २०० बिलांइतकं झालं, तर एकूण खर्च ११००, महिन्याला २७५० बिलं, रोज १०६, आणि शंभरामागे ९.९ पुरतात. ही तुमची बोलणी सुरू करायची जागा. पहिल्या गाळ्यासाठीही हेच करा: १०.८ धरून रोज सुमारे १२९ बिलं होतात, त्यातून महिन्याला १३४० बिलांइतके सुटतात, ९०० वजा जाता भाड्याला उरतात ४४०. मालक ६०० वरून ४४० वर येणार नसेल, तर तो गाळा सोडून द्या.

मुद्दाम वाट वाकडी करून येणारी गिऱ्हाइकं, म्हणजे शाळेची एकगठ्ठा ऑर्डर किंवा ओळखीची कार्यालयं, या हिशोबात नाहीत. ती येतील, पण त्यांच्यासाठी महाग गाळा लागतच नाही. महाग भाडं फक्त वाटेवरच्या गिऱ्हाइकासाठी द्यायचं असतं. तुमची निम्मी विक्री फोनवरून येणाऱ्या मागणीतून होत असेल, तर दर्शनी गाळ्याचा हट्टच सोडा.

## पायरी ८: सही करण्याआधी

वर्दळीचा कागद घेऊन मालकाशी बोला. ‘भाडं जास्त वाटतं’ यापेक्षा ‘शाळेच्या सुट्टीत दारावरून एक तृतीयांशच लोक जातात’ हे वाक्य बोलणीत जास्त वजनाचं ठरतं, आणि सुट्टीच्या महिन्यांत कमी भाडं मागायला त्यातून जागा मिळते.

करारात या गोष्टी लेखी घ्या: बाहेर काढलेल्या पाटीची जागा आणि मोजमाप, दारासमोर मालकाने दुसरी टपरी किंवा स्टॉल न लावण्याची हमी, पाटी झाकेल असं बांधकाम झाल्यास भाडं कमी करण्याची अट, आणि मुदतीआधी बाहेर पडता येण्याची तरतूद. टपरीची अट क्षुल्लक वाटते, पण दर्शनी बाजूचे दीड मीटर झाकले गेले तर पायरी ६ मधली सगळी मेहनत वाया जाते.

शेजारच्या बांधकामाची, रस्ता खोदण्याची किंवा बसथांबा हलवण्याची काही योजना आहे का, याची स्थानिक कार्यालयात चौकशी करा. मोजणी आणि सही यांमध्ये महिन्याहून जास्त काळ गेला असेल, तर वहीतले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वर्दळीचे दोन तास पुन्हा मोजा. ते आधीच्या आकड्यांच्या आसपास आले, तर सही करा. लक्षणीय घसरले असतील, तर टोकन देण्याआधी कारण शोधा.